सोसायटीच्या तक्रार पानावरचे फोन नंबर आणि मेलच्या लिंक: दिसायला बरोबर, दाबल्यावर चूक

पार्श्वभूमी

सिंहगड रोडवरची एक मध्यम आकाराची सोसायटी. चार विंग, प्रत्येक विंगला लिफ्ट, ऑफिसात एक मॅनेजर आणि एक जुना लँडलाइन. राहणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच, आणि त्यांतल्या अनेकांची मुलं बाहेरगावी नाहीतर परदेशात. नाव-पत्ता ओळखू येईल असं सगळं काढलंय आणि खाली दिलेल्या नंबरांत मुद्दाम शून्य घातलीत.

सोसायटीचं एक साधं वेबपान आहे, एकाच पानाचं. वर ऑफिसचा लँडलाइन, खाली प्लंबर आणि लिफ्टवाल्याचे मोबाइल, आणि त्याखाली "लिफ्टची तक्रार", "पाण्याची तक्रार", "पार्किंगची तक्रार" अशी बटणं. बटण दाबलं की मेल उघडावा, विषय आधीच भरलेला असावा, आणि मॅनेजरने त्या विषयावरून मेल वेगवेगळ्या लेबलखाली लावावेत, अशी मूळ कल्पना. कल्पना चांगलीच होती. पान कमिटीतल्या एका सभासदाच्या ओळखीतल्या मुलाने बनवून दिलं होतं आणि तो नंतर नोकरीला बंगळुरूला गेला. पान दुरुस्त करायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं, कारण मी तिथेच राहतो आणि वेबचं काम करतो.

नेमकी अडचण काय होती

पहिली तक्रार सी विंगमधल्या एका काकूंची. "अरे, ऑफिसचा नंबर लागतच नाही, बाई सांगते हा नंबर अस्तित्वात नाही." मॅनेजर म्हणाले असं कसं होईल, दिवसभर फोन वाजतोय. दोघांचंही खरं होतं. जे लोक पानावरचा नंबर वाचून हाताने डायल करत होते त्यांचा फोन लागत होता, आणि जे मोबाइलवर त्याच नंबरावर बोट दाबत होते त्यांचा लागत नव्हता.

कारण लिंकला दोन भाग असतात. एक जो माणसाला दिसतो तो, आणि दुसरा `href` मधला, जो फोन वाचतो. माणूस "+९१ (०२०)" बघून मनातल्या मनात बरोबर अर्थ लावतो, फोन तसा लावत नाही. पानावर आत असं होतं:

```html
<a href="tel:+91 (020) 0000–0000">
```

यात तीन चुका एकाच ओळीत आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे ९१ नंतरचं शून्य. ०२० मधलं पहिलं शून्य हे देशातल्या देशात एसटीडी लावताना वापरायचं, पुण्याचा खरा कोड २० आहे, त्यामुळे +९१ लावलं की ते शून्य गळायलाच हवं. ते राहिलं की फोन +९१०२० असा नंबर लावतो आणि असा नंबर कुठेच नसतो. दुसरी चूक मोकळी जागा. `tel:` चे नियम आरएफसी ३९६६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात आहेत, २००४ सालचे, त्यात हायफन, टिंब आणि कंस चालतात पण स्पेस चालत नाही. बहुतेक फोन ती गिळून टाकतात, पण त्यावर विसंबून कशाला राहायचं. आणि तिसरी म्हणजे मधली ती आडवी रेघ साधा हायफन नव्हतीच, वर्डमध्ये टाइप केल्यावर आपोआप लांब होणारी रेघ होती. डोळ्याला फरक कळत नाही, फोनसाठी मात्र ते वेगळंच अक्षर आहे.

प्लंबरच्या नंबराचं आणखी वेगळं. कमिटीने पान मराठीत हवं सांगितलं होतं म्हणून त्या मुलाने नंबरही देवनागरी आकड्यांत टाकला, दिसतानाही आणि `href` मध्येही. `tel:` मध्ये आकडे 0 ते 9 असेच लागतात. देवनागरी आकडे टाकले तर काही फोन सांभाळून घेतील, काही डायलर रिकामा उघडतील, म्हणजे शेजारच्याचा लागतो आणि आपला लागत नाही असा प्रकार, आणि हे असलं सापडायला सगळ्यात अवघड.

मेलचं दुखणं मॅनेजरच्या बाजूला दिसत होतं. त्यांच्याकडे येणारे विषय असे होते: "बी विंग " आणि पुढे काहीच नाही. किंवा "पाण्याची+तक्रार+डी+विंग". किंवा "पार्किंग तक्रार?body=फ्लॅट नंबर". त्यांना वाटायचं लोक काहीबाही टाइप करतात. पण लोकांनी विषयाला हातच लावला नव्हता, विषय लिंकमधूनच तसा येत होता.

या तीनही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, कारण नुसता आलेला विषय बघून चूक कुठे आहे ते सांगता येतं. विषय मध्येच तुटला तर त्या जागी `&` किंवा `#` तसाच राहिलाय. पहिल्या बटणात "बी विंग & सी विंग लिफ्ट" असं होतं, मेल उघडणाऱ्या लिंकमध्ये, म्हणजे `mailto` मध्ये, `&` म्हणजे "इथून पुढची गोष्ट सुरू", म्हणून "बी विंग " वर विषय संपला. शब्दांमध्ये अधिक चिन्हं आली तर लिंक जावास्क्रिप्टच्या `URLSearchParams` ने बनवलीय. ते वेबसाइटच्या पत्त्यांसाठी ठीक, तिथे `+` म्हणजे स्पेस धरतात, पण `mailto` मध्ये `+` म्हणजे अधिकचं चिन्हच, स्पेस हवी तर `%20`. आणि विषयातच `?body=` दिसलं तर प्रश्नचिन्ह दोनदा आलंय. प्रश्नचिन्ह पहिल्यांदा एकदाच, पुढच्या प्रत्येक गोष्टीला `&`.

शिवाय चौथी एक अडचण होती आणि तिचा लिंक लिहिण्याशी संबंधच नव्हता. बऱ्याच जणांच्या फोनवर गेटवरच्या पाहुण्यांची नोंद करणारं एक ॲप आहे, त्याच्या सूचनाफलकात कमिटीने या पानाची लिंक टाकली होती. त्या ॲपच्या आतच पान उघडायचं आणि बटण दाबलं की `ERR_UNKNOWN_URL_SCHEME` असा इंग्रजी फलक. ॲपच्या आतलं जे छोटं ब्राउझर असतं त्याला `mailto` आणि `tel` बाहेरच्या ॲपकडे द्यायचं हे ॲप बनवणाऱ्यानेच शिकवावं लागतं. ते केलं नसेल तर आपण लिंक कितीही अचूक लिहा, ती चालणार नाही.

कोणते पर्याय होते

कमिटीच्या बैठकीत पहिला सूर असा की मेल सोडाच, व्हॉट्सॲप ठेवा. ते तांत्रिकदृष्ट्या सोपंच होतं, `https://wa.me/` पुढे ९१ आणि नंबर, अधिक चिन्ह नाही की शून्य नाही, आणि `?text=` मध्ये आधीच भरलेला मजकूर. मला स्वतःला हा पर्याय बराच वेळ पटत होता. पण नंबर कोणाचा द्यायचा यावर गाडी अडली. सेक्रेटरी म्हणाले माझ्या खासगी नंबरावर रात्री अकराला पार्किंगचे फोटो नकोत, आणि सेक्रेटरी बदलला की जुन्या तक्रारी त्याच्याच फोनमध्ये राहणार. लिफ्ट मेन्टेनन्सवाल्याशी वाद झाला तर "अमुक तारखेला कळवलं होतं" हे दाखवायला ऑफिसच्या मेलबॉक्समधला मेल जास्त उपयोगी, हे खजिनदारांचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

दुसरा पर्याय गुगल फॉर्म. तो नीट चालला असता, पण तक्रारीत फोटो हवा असतो, आणि फॉर्ममध्ये फाइल टाकायची तर गुगल खात्यात लॉगिन लागतं. तिथे निम्मी ज्येष्ठ मंडळी थांबली असती. मेलला फोटो जोडणं त्यांना येतं, नातवंडांचे फोटो रोज जातात. `mailto` मधून फोटो आपोआप जोडता येत नाही हे खरं, पण मजकुरात "फोटो जोडा" असं लिहून ठेवता येतं.

म्हणून ठरलं, मेल आणि फोनच ठेवायचे, फक्त लिंक नीट लिहायच्या.

काय केलं

सुरुवात फोनपासून. इथे एक सोपा मोह होता: +९१ काढून टाकायचं आणि `tel:020...` ठेवायचं, शून्याचा घोळ मिटला. पुण्यात बसून तपासलं तर लागतोही. पण परदेशात असलेला मुलगा आईच्या लिफ्टसाठी तिथून नंबर दाबणार, तेव्हा ०२० तिथल्या नेटवर्कला काय कळणार. म्हणून देशाचा कोड धरून, शून्य काढून, मध्ये काहीही न घालता:

```html
<a href="tel:+912000000000">020-0000 0000</a>
```

दिसणाऱ्या भागात ०२० तसंच राहू दिलं, कारण लँडलाइनवरून वाचून लावणाऱ्यांना तेच ओळखीचं आहे. आकडे मात्र इंग्रजी ठेवले, आणि यावर चर्चा झाली. एका काकांचं म्हणणं, पान मराठी आहे तर आकडेही मराठीच हवेत. तत्त्वतः त्यांचं बरोबर होतं, `href` वेगळा असल्यामुळे दिसायला काहीही ठेवलं तरी लिंक चालते. पण लोक नंबर कॉपी करून दुसऱ्याला पाठवतात, आणि देवनागरी आकडे डायलरमध्ये पेस्ट केल्यावर काय होईल ते फोनगणिक बदलतं. काकांना हे फोनवर करून दाखवलं आणि त्यांनी लगेच मान्य केलं. खालच्या पाटीवर मात्र मराठी आकडेच आहेत, तिथे कोणी कॉपी करत नाही.

आयफोनवर आणखी एक गोष्ट दिसली. सफारी पानावर फोन नंबरासारखं जे काही दिसेल त्याची स्वतःच लिंक करतं, आणि सोसायटीचा बँक खाते क्रमांक पानावर होता, तो निळा होऊन दाबता येत होता. पानाच्या `head` भागात एक ओळ टाकून ते बंद केलं:

```html
<meta name="format-detection" content="telephone=no">
```

याने आपण हाताने लिहिलेल्या `tel:` लिंक बंद होत नाहीत, फक्त आपोआप ओळखणं थांबतं.

आता मेल. विषय मराठीत ठेवायचा की इंग्रजीत, हा खरा निर्णय होता. लिंकमध्ये देवनागरी थेट टाइप केली तर ब्राउझर बहुतेक वेळा तिचं `%` वाल्या खुणांत रूपांतर स्वतः करून घेतो, पण `&`, `#`, `%` याबाबतीत तुमच्या मनात काय आहे ते त्याला कळत नाही. म्हणून रूपांतर आपणच करून टाकायचं. किंमत एवढीच की लिंक लांब होते. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट `%E0` अशा तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे एकाला नऊ. काना आणि हलन्तही वेगळे मोजले जातात, त्यामुळे "तक्रार" हा तीन अक्षरी शब्द सहा चिन्हांचा, आणि लिंकमध्ये चोपन्न अक्षरांचा:

```
%E0%A4%A4%E0%A4%95%E0%A5%8D%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%B0
```

विषयाला याचा काही त्रास नाही. मजकुराला होतो. कमिटीला मजकुरात नियमांचा अख्खा परिच्छेद हवा होता, तो मी नाही घेतला, कारण दोनशे चिन्हांचा परिच्छेद लिंकमध्ये अठराशेच्या घरात जातो आणि फार लांब लिंक सगळी मेल ॲप नीट घेतीलच असं नाही. मजकूर तीन छोट्या ओळींचा ठेवला. लिंक बनवायला हे वापरलं:

```js
const subject = "तक्रार: बी विंग लिफ्ट";
const body = "फ्लॅट नं.: \r\nकधीपासून: \r\nफोटो जोडा";
const link = "mailto:office@example.com"
  + "?subject=" + encodeURIComponent(subject)
  + "&body=" + encodeURIComponent(body);
```

`encodeURIComponent` प्रत्येक तुकड्याला वेगळं लावायचं, अख्ख्या लिंकला नाही, नाहीतर `?` आणि `=` सुद्धा रूपांतरित होऊन सगळंच पत्त्याचा भाग बनतं. आणि नावात साम्य असलेलं `encodeURI` इथे चालत नाही, कारण ते `&` आणि `#` ला हात लावत नाही, म्हणजे जो रोग होता तोच परत. नवी ओळ `\r\n` अशी दिली की ती `%0D%0A` होते, मेलच्या नियमांत, म्हणजे २०१० च्या आरएफसी ६०६८ मध्ये, ओळ तोडायला हेच सांगितलंय.

हा कोड पानावर चालवायचा की एकदाच चालवून तयार लिंक पानात चिकटवायची? चिकटवायचं ठरवलं, पान हलकं राहतं आणि पुढे जो कोणी सांभाळेल त्याला साधं एचटीएमएल मिळतं. चिकटवताना `&body` च्या जागी `&amp;body` लिहिलं, एचटीएमएलच्या आत तसंच लिहायची रीत आहे आणि ब्राउझर ते परत `&` करूनच पुढे देतो. बटणांवरचं `target="_blank"` काढलं, त्यामुळे काही जणांना मेलसोबत एक कोरा टॅब उघडा दिसायचा.

ॲपच्या आतल्या अडचणीवर दोन गोष्टी केल्या. ॲपवाल्यांना कळवलं, आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता प्रत्येक बटणाखाली मेलचा पत्ता साध्या अक्षरांत लिहिला, शेजारी "ब्राउझरमध्ये उघडा" अशी सूचना. हा दिसणारा पत्ता फक्त त्या ॲपसाठी नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर मेलचं ॲप लावलेलंच नसेल तर `mailto` दाबून काहीच होत नाही, चूक झाली असा निरोपही येत नाही, आणि माणसाला वाटतं बटणच मेलंय. पत्ता समोर असला की तो निदान कॉपी करता येतो.

लिफ्टपाशी क्यूआर लावायचा होता. क्यूआरमध्ये थेट `mailto` टाकता येतं आणि एक पायरी वाचते, पण देवनागरी विषयामुळे ठिपके फार दाट होतात, आणि मेलचा पत्ता बदलला तर चारही विंगचे स्टिकर फाडावे लागतील. म्हणून क्यूआरमध्ये पानाचाच पत्ता दिला. शिवाय स्टिकर लिफ्टच्या आत न लावता बाहेर मजल्यावर लावला, आत रेंजच नसते. आत फक्त नंबर छापलाय, मोठ्या अक्षरांत, रेंज धरली तर वाचून लावायला.

तपासणी खऱ्या फोनवरच केली. अँड्रॉइडवर `tel:` दाबलं की डायलर नंबर भरून उघडतो आणि कॉल आपण लावेपर्यंत जात नाही, त्यामुळे नंबर आकडा-आकडा वाचून पडताळता येतो. आयफोन कॉल करू का असं आधी विचारतो, तिथेही नंबर दिसतो. मेलसाठी जीमेल आणि आयफोनचं स्वतःचं मेल, दोन्हीतून खरोखर मेल पाठवून ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये विषय कसा पोचला ते पाहिलं. नुसती उघडलेली खिडकी बघून थांबायचं नाही, मॅनेजरला जे दिसतं ते महत्त्वाचं.

पुढे काय झालं

फोन न लागण्याची तक्रार थांबली. विषय एकसारखे येऊ लागले आणि मॅनेजरने जीमेलमध्ये विषयावरून फिल्टर लावले, लिफ्ट, पाणी, पार्किंग. फ्लॅट नंबर लोक भरतात, कारण तो मजकुराच्या पहिल्याच ओळीत मागितलाय. आधी तो विषयाच्या शेवटी "फ्लॅट: " असा रिकामा सोडला होता आणि बहुतेक जण तो तसाच पाठवायचे, भरलेला विषय दिसला की तिकडे कोणी परत बघत नाही.

पण आधीच भरलेल्या विषयाने एक नवीन गुंता केला, तो आम्हाला दोन-तीन आठवड्यांनी कळला. डी विंगमधल्या एका काकांनी पाण्याची तक्रार केली, ती मिटली, चार दिवसांनी पुन्हा पाणी गेलं म्हणून त्यांनी पुन्हा तेच बटण दाबलं. विषय तोच, पाठवणारा तोच, पत्ता तोच. जीमेल असे जवळजवळचे मेल एकाच संभाषणात लावू शकतं, आणि तसंच झालं. मॅनेजरला ती मिटलेली जुनी तक्रार वाटली आणि दोन दिवस टँकर मागवायचा राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

यावर सरळ उपाय म्हणजे विषयात तारीख. तयार लिंक चिकटवायचा जो निर्णय घेतला होता तो इथे आड येतो, कारण तारीख पान उघडताना घालावी लागते, म्हणजे वरचा कोड पानातच चालवावा लागतो. आता तसं केलंय, पण चिकटवलेली लिंक जागेवर ठेवूनच, कोड फक्त तिच्या विषयात तारीख जोडतो. कोड कुठल्या जुन्या फोनवर अडला तरी बिनतारखेची लिंक चालूच राहते. मॅनेजरला संभाषणं जोडणं जीमेलच्या सेटिंगमधून बंदही करता आलं असतं, पण मग त्यांची स्वतःची उत्तरंही सुटी सुटी दिसली असती आणि ते त्यांना नको होतं.

दुसरी गोष्ट फिल्टरची. लोक विषय बदलतात, कोणी त्यात "अर्जंट" घालतं, कोणी सगळा पुसून "नमस्कार" लिहितं, मग फिल्टर चुकतो. विषयाऐवजी पत्त्यावरून फिल्टर लावला तर हे टळतं. ऑफिसचा मेल जीमेलवर असल्यामुळे नावापुढे `+lift` लावलेला पत्ताही त्याच मेलबॉक्समध्ये येतो, आणि पत्ता सहसा कोणी बदलत नाही. लिंकमध्ये तो असा लिहायचा:

```
mailto:office%2Blift@example.com
```

इथे `+` सरळही चालायला हवं, पण काही ठिकाणी त्याची स्पेस होण्याची भीती असते, `%2B` ने तो प्रश्न उरत नाही. माझ्या मते सुरुवातीलाच हे करायला हवं होतं आणि विषय फक्त माणसांना वाचण्यासाठी ठेवायचा. कमिटीने अजून हो म्हटलेलं नाही, कारण बटणाखाली दिसणारा पत्ता लांब आणि विचित्र दिसतो असं त्यांचं म्हणणं. मी सुचवलंय की दिसताना साधाच पत्ता ठेवू आणि `+lift` फक्त `href` मध्ये घालू. कॉपी करून पाठवणाऱ्यांचे मेल फिल्टरबाहेर पडतील, पण ते मुख्य मेलबॉक्समध्ये येतीलच आणि मॅनेजर रोज सकाळी तो बघतातच. पुढच्या बैठकीत हा विषय आहे.

गेटवरच्या ॲपवाल्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. तोवर सूचनाफलकात पानाच्या लिंकसोबत ऑफिसचा नंबर आणि मेलचा पत्ता साध्या मजकुरात टाकलाय.